सर्व्हर पडला, आता रिपोर्टमध्ये कुणाचं नाव लिहायचं?

या भागाचं हे लिखित रूप. बोलताना मी दोनदा भरकटलो होतो, तेवढं काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. बसमध्ये हेडफोन विसरलेल्यांसाठी खास.

आजचा विषय आहे इन्सिडेंट रिव्ह्यू. काही कंपन्यांमध्ये त्याला पोस्टमॉर्टेम म्हणतात. सिस्टिम बंद पडते, आपण धावपळ करून ती चालू करतो आणि नंतर शांतपणे बसून एक डॉक्युमेंट लिहितो. काय झालं, कधी झालं, का झालं आणि आता काय करायचं, हे त्यात असतं. दिसायला सोपं काम. मी मात्र असं पहिलं डॉक्युमेंट इतकं वाईट लिहिलं होतं की त्याची किंमत आम्ही महिनाभराने मोजली. तीच गोष्ट आधी सांगतो.

त्या सकाळची गोष्ट

मी कोल्हापुरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. टीम सहा जणांची. आमचं एक प्रॉडक्ट गावोगावच्या दूध संस्था वापरतात. शेतकरी सकाळी किटली घेऊन येतो, दूध काट्यावर जातं, फॅट आणि एसएनएफ मोजलं जातं, नोंद आमच्या सिस्टिममध्ये पडते आणि पावती निघते. दर दहा दिवसांनी या नोंदींवरून बिल निघतं. म्हणजे १, ११ आणि २१ तारीख आमच्यासाठी परीक्षेचे दिवस.

अशाच एका ११ तारखेला सकाळी सहा वाजता सिस्टिम गोठली. संस्थेच्या दारात रांग आणि स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र. दूध थांबत नाही हो. सेक्रेटरींनी वह्या काढल्या आणि हाताने नोंदी सुरू केल्या. पाऊण तासाने सिस्टिम परत आली, पण वहीतल्या नोंदी नंतर भरताना काही ठिकाणी आकडे चुकले. कुणाचे ६.२ लिटर २.६ झाले. ज्याचं घर दुधाच्या बिलावर चालतं त्याच्यासाठी ही छोटी गोष्ट नाही.

झालं काय होतं? आमच्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा त्या आठवड्यात ऑन-कॉल होता. त्याने सकाळी ६:०५ ला एक डिप्लॉय केला होता. त्यात डेटाबेसच्या टेबलला एक नवीन कॉलम जोडायचा होता. तो डिप्लॉय अडकला आणि त्याच्यामागे सगळं अडकलं.

रिपोर्ट लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी दहा मिनिटांत लिहून टाकलं. मूळ कारण: अमुक-अमुकने कलेक्शनच्या वेळेत निष्काळजीपणे डिप्लॉय केला. उपाय: यापुढे सर्वांनी काळजी घ्यावी. खाली सही, वर त्या मुलाचं नाव, ग्रुपवर पीडीएफ. विषय संपला.

महिनाभराने बिल आलं

साधारण महिन्याने, संध्याकाळची वेळ. शेतकऱ्यांना बिलाचा एसएमएस दोन-दोनदा जायला लागला. फोन सुरू झाले, "पैसे दोनदा आलेत का?" आम्ही सरळ एसएमएस देणाऱ्या कंपनीला धरलं. तुमच्या बाजूने डुप्लिकेट जातायत म्हणून भांडलो. ते म्हणाले, आमच्याकडे तुमच्याकडूनच दोनदा येतंय. यात चाळीस मिनिटं गेली आणि तोपर्यंत मेसेज जातच होते.

मग तोच मुलगा माझ्या टेबलापाशी आला. हळू आवाजात म्हणाला, "दादा, एक स्क्रिप्ट मध्येच थांबली होती म्हणून मी ती परत चालवली. बहुतेक तिने पहिल्यापासून सुरुवात केली."

मी विचारलं, "कधी कळलं तुला?"

"पाच मिनिटांतच. पण मागच्या वेळी माझं नाव लिहिलं होतं ना."

मला काही बोलताच येईना. पहिल्या पाच मिनिटांत त्याने तोंड उघडलं असतं तर आम्ही स्क्रिप्ट बंद केली असती आणि गोष्ट तिथेच मिटली असती. तो गप्प बसला, कारण गप्प बसायला मी शिकवलं होतं. माझ्या त्या पीडीएफने.

त्या रात्री मी जुना रिपोर्ट उघडून परत वाचला. ११ तारखेला नक्की काय झालं हे त्यात कुठेच नव्हतं! नाव होतं, कारण नव्हतं. म्हणून आम्ही तो सगळा रिव्ह्यू नव्याने लिहिला. दोष न देता रिव्ह्यू लिहिणं म्हणजे गोड बोलणं नाही, माहिती मिळवण्याची ती पद्धत आहे. नाव सापडलं की माणूस शोधायचं थांबतो. आता तो दुसरा रिव्ह्यू कसा लिहिला ते सांगतो.

टाइमलाइन: तेव्हा काय दिसत होतं?

सुरुवात टाइमलाइनपासून करा. कारण लगेच लिहायला घेऊ नका. आणि टाइमलाइन आठवणीतून लिहू नका, आठवण आपल्याला सोयीची गोष्ट सांगते. सर्व्हरचे लॉग, डिप्लॉयचा इतिहास, ग्रुपवरचे मेसेज, फोनची कॉल लिस्ट, सगळं समोर ठेवा. शक्यतो दोन दिवसांच्या आत. आम्हाला महिन्याने करावं लागलं, पण नशिबाने लॉग शिल्लक होते.

प्रत्येक ओळीत दोन गोष्टी हव्यात: काय घडलं, आणि त्या क्षणी समोरच्या माणसाला काय दिसत होतं. दुसरी गोष्ट बहुतेक लोक लिहीतच नाहीत. आमची टाइमलाइन अशी झाली:

- ५:३० – बिलाचा रिपोर्ट ठरल्या वेळी आपोआप सुरू झाला. साध्या दिवशी हा दहा मिनिटांत संपतो, बिलाच्या दिवशी दीड तास चालतो.
- ६:०५ – ऑन-कॉल इंजिनिअरने डिप्लॉय सुरू केला. स्क्रीनवर `Running migration...` एवढंच दिसत होतं. एरर नव्हती.
- ६:०७ – पहिली दुधाची नोंद अडकली. आमच्याकडे कुणालाच दिसलं नाही.
- ६:२० – एका संस्थेच्या सेक्रेटरींचा फोन आला. आम्हाला पहिल्यांदा तेव्हा कळलं.
- ६:२४ – ऑन-कॉल इंजिनिअरने मॉनिटरिंग पाहिलं. सीपीयू, मेमरी, डिस्क, सगळं हिरवं.
- ६:३१ – अॅप सर्व्हर रीस्टार्ट केला. फरक नाही.
- ६:४८ – दुसऱ्या इंजिनिअरला फोन केला. त्याने डेटाबेसमधली अडकलेल्या क्वेरींची यादी काढली.
- ६:५१ – अडकलेला मायग्रेशन रद्द केला.
- ६:५३ – नोंदी पुन्हा पडायला लागल्या.

म्हणजे एकूण ४६ मिनिटं. त्यातली पहिली १३ मिनिटं आम्हाला पत्ताच नव्हता. पुढची २८ मिनिटं चुकीच्या ठिकाणी शोधण्यात गेली. खरी दुरुस्ती पाच मिनिटांची. टाइमलाइन नीट लिहिली की हे तीन तुकडे आपोआप वेगळे दिसतात. कळायला किती वेळ लागला, समजायला किती आणि दुरुस्त करायला किती. आमचा जीव पहिल्या दोन तुकड्यांत गेला होता. माझ्या जुन्या रिपोर्टमध्ये त्या दोन्हींबद्दल अवाक्षर नव्हतं.

आता ६:०५ ची ओळ परत वाचा. जुन्या रिपोर्टमध्ये तिथे "चुकीच्या वेळी डिप्लॉय केला" असं होतं. ते आपल्याला आज कळतंय. त्या मुलाला तेव्हा एरर नसलेली स्क्रीन दिसत होती. आधीचे काही मायग्रेशन तीन-चार मिनिटं चालले होते, म्हणून तो थांबला. त्याच्या जागी मी असतो तर मीही थांबलो असतो. सिनेमा दुसऱ्यांदा बघताना खुनी कोण ते आपल्याला माहीत असतं, तसं रिव्ह्यू लिहिताना होतं. टाइमलाइन पहिल्यांदा बघणाऱ्याच्या डोळ्यांनी लिहायची.

"का केलंस?" विचारू नका

माहिती काढताना प्रश्न कसा विचारता यावर बरंच काही अवलंबून असतं. आपल्याकडे "असं का केलंस?" हा प्रश्न नसतोच, ओरडाच असतो. लहानपणापासून आपण तो काच फुटल्यावर ऐकलाय. समोरचा लगेच बचावाला जातो.

त्याऐवजी मी विचारलं, "तेव्हा तुझ्या समोर काय दिसत होतं? तुला काय वाटलं, काय चाललंय? पुढे काय होईल अशी अपेक्षा होती?" आणि मग त्याने जे सांगितलं त्याने मी गार पडलो.

तो म्हणाला, "दादा, आपल्या डिप्लॉयच्या पानावर लिहिलंय ना, सकाळचा डिप्लॉय साडेसहाच्या आत करावा. मी तेच बघून केलं."

ते पान मी लिहिलेलं. दोन वर्षांपूर्वी. तेव्हा आमच्या सगळ्या संस्थांचं कलेक्शन साडेसहाला सुरू व्हायचं. नंतर नवीन गावं जोडली, त्यातली काही सहाला सुरू करतात. पान कुणी बदललंच नाही. मी ज्याला निष्काळजी म्हटलं तो माझा नियम पाळत होता!

आता वाक्यरचनेबद्दल. दोष द्यायचा नाही म्हटल्यावर लोक एक वेगळीच चूक करतात. "डिप्लॉय केला गेला", "टेबल लॉक झालं", "मेसेज गेले" असं लिहितात. वाक्यातून कर्ताच गायब. मग वाचणाऱ्याला कळत नाही की हे माणसाने केलं, स्क्रिप्टने केलं की आपोआप झालं. कर्ता ठेवा, फक्त नावाऐवजी भूमिका लिहा. "ऑन-कॉल इंजिनिअरने डिप्लॉय सुरू केला." सहा जणांच्या टीममध्ये तो कोण हे सगळ्यांना माहीत असतंच, लपवायचं काही नाही. पण भूमिका लिहिली की वाचणारा विचार करतो, "त्या खुर्चीत मी असतो तर?" नाव लिहिलं की तो म्हणतो, "तो तसाच आहे."

आणि काही शब्द सरळ खोडा. निष्काळजी, हलगर्जी, घाईत, "साधं बघितलं असतं तर", "लक्षात यायला हवं होतं". हे शब्द काय झालं ते सांगत नाहीत, लिहिणाऱ्याला काय वाटतं तेवढंच सांगतात.

मूळ कारण: एकच असतं का?

आता तांत्रिक भाग. घाबरू नका, रांगेचं उदाहरण घेतो.

आमचा डेटाबेस पोस्टग्रेस आहे. टेबलमधून कुणी वाचत असेल तर त्याच वेळी दुसरेही वाचू शकतात, नोंदीही करू शकतात. पण टेबलला कॉलम जोडायचा असेल तर क्षणभर का होईना, ते टेबल एकट्याला लागतं. खोलीत फर्निचर हलवायचं असेल तर सगळ्यांनी बाहेर थांबायचं, तसं.

त्या सकाळी बिलाचा रिपोर्ट खोलीत बसून होता, दीड तासासाठी. कॉलम जोडणारा मायग्रेशन दारात उभा राहिला, "हा बाहेर आला की मी जातो" म्हणत. आणि पोस्टग्रेसचा नियम असा की दारात कुणी एकट्यासाठी खोली मागत उभा असेल तर त्याच्यामागून येणाऱ्यांनीही रांगेत थांबायचं. दुधाच्या नोंदी खरं तर रिपोर्टच्या शेजारी आरामात बसल्या असत्या. पण मध्ये मायग्रेशन उभा होता. सगळे थांबले.

म्हणून सीपीयू हिरवा होता. कुणी काम करतच नव्हतं, सगळे वाट बघत होते. आणि म्हणून अॅप सर्व्हर रीस्टार्ट करून उपयोग झाला नाही. जुनी माणसं रांगेतून गेली, नवी येऊन त्याच रांगेत उभी राहिली. दारातला मायग्रेशन तिथेच होता. अशा वेळी ही क्वेरी रांग दाखवते:

```sql
SELECT pid, pg_blocking_pids(pid), query
FROM pg_stat_activity
WHERE wait_event_type = 'Lock';
```

मग मूळ कारण काय? मायग्रेशन? तोच मायग्रेशन १२ तारखेला चालवला असता तर डोळ्याची पापणी लवायच्या आत झाला असता. रिपोर्ट? तो तर प्रत्येक बिलाच्या दिवशी चालायचा, कधी काही झालं नव्हतं. डिप्लॉयची वेळ? पानानुसार बरोबर होती. म्हणजे एकेकटं घेतलं तर प्रत्येक जण निर्दोष. तिन्ही एकत्र आले तेव्हा दार अडलं. म्हणून आम्ही "मूळ कारण" या मथळ्याखाली एक ओळ न लिहिता चार लिहिल्या:

१. मायग्रेशन किती वेळ वाट बघणार याला मर्यादा नव्हती.
२. बिलाचा रिपोर्ट कलेक्शनच्या वेळेत त्याच टेबलवर चालायचा.
३. डिप्लॉयच्या वेळेचं पान जुनं झालं होतं.
४. मॉनिटरिंग मशीनची तब्येत बघत होतं, दुधाच्या नोंदी पडतायत का हे बघत नव्हतं.

प्रत्येक ओळीला एक चाचणी लावा. "हे नसतं तर त्या दिवशी काय वेगळं झालं असतं?" पहिल्या तिन्हींपैकी एकही नसतं तर सिस्टिम गोठली नसती. चौथं नसतं तर गोठली असती, पण आम्हाला साधारण दहा मिनिटं आधी कळलं असतं. ज्याचं उत्तर "काहीच नाही" येईल ती ओळ काढून टाका. आता हीच चाचणी "निष्काळजीपणा" या कारणाला लावून बघा. तो मुलगा शंभर टक्के जागा आणि सावध असता, तरी पान बघून त्याने तेच केलं असतं.

मुंबईतला मोठा भाऊ

आमची दूध संस्था लहान आहे, म्हणून एक मोठं उदाहरण. २४ फेब्रुवारी २०२१. मुंबईतल्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंजने, म्हणजे एनएसईने, सकाळी ११:४० ला व्यवहार थांबवले. बाजार परत सुरू झाला तो दुपारी ३:४५ ला आणि त्या दिवशी संध्याकाळी ५ पर्यंत चालवावा लागला. तुमच्यापैकी जे ट्रेडिंग करतात त्यांना तो दिवस आठवत असेल.

नंतर एनएसईने जे स्पष्टीकरण दिलं ते वाचण्यासारखं होतं. त्यांच्या दोन डेटा सेंटर्सना जोडणाऱ्या लाइन दोन वेगवेगळ्या टेलिकॉम कंपन्यांच्या होत्या. एक गेली तर दुसरी, असा विचार. पण दोन्ही एकाच वेळी डळमळल्या, आणि कारण म्हणून रस्त्यालगतची खोदाई आणि बांधकाम पुढे आलं. इथे तुम्ही-आम्ही असतो तर काय लिहिलं असतं? मूळ कारण: जेसीबीवाला. विषय संपला!

पण खोदाई ही फक्त सुरुवात होती. लाइन गेल्या तरी मुख्य ठिकाणची स्टोरेज सिस्टिम चालू राहायला हवी होती. ती अनपेक्षित वागली आणि सर्व्हरना तिच्यापर्यंत पोचताच येईना. त्यामुळे क्लिअरिंगची जोखीम मोजणारी सिस्टिम बंद पडली. गंमत बघा, सौदे जुळवणारी सिस्टिम तशी ठीकच होती. पण जोखीम मोजता येत नसताना बाजार चालू ठेवणं धोक्याचं, म्हणून तो थांबवला. आणि आणखी एक मोठा प्रश्न उरला. चेन्नईत आपत्कालीन सेंटर होतं, मग तिकडे का गेले नाहीत?

हा शेवटचा प्रश्न जेसीबीवाल्यापाशी थांबलेल्या रिव्ह्यूत कधीच आला नसता. आणि खरा बदल त्यातूनच आला. मार्च २०२१ मध्ये सेबीने नियम घट्ट केले. महत्त्वाची सिस्टिम बंद पडली तर ३० मिनिटांत "आपत्ती" जाहीर करायची आणि त्यानंतर ४५ मिनिटांत कामकाज परत उभं करायचं. यात कुणी शहाणं व्हावं अशी अपेक्षा नाही. घड्याळ लावलंय. "अजून पाच मिनिटं बघू, होईल ठीक" हा जो मोह असतो ना, जो आमच्या मुलालाही ६:०५ ला झाला, त्याच्यावरचा हा उपाय आहे.

आणि या गोष्टीला एक शेपूट आहे. जुलै २०२१ मध्ये सेबीने अशा तांत्रिक बिघाडांसाठी संस्थेसोबत तिच्या एमडी आणि सीटीओ यांच्यावरही वैयक्तिक आर्थिक दंडाची तरतूद आणली. २०२४ मध्ये ती वैयक्तिक तरतूद काढली. संस्थेची जबाबदारी मात्र तशीच राहिली. मला हा फरक नीट लक्षात ठेवावासा वाटतो. जबाबदारी ठेवता येते, तिच्यासाठी एखाद्या माणसाचं नाव लिहावंच लागतं असं नाही.

पुढची कामं: इथे मात्र नाव लिहा

आता शेवटचा भाग. मी जुन्या रिपोर्टमध्ये लिहिलं होतं, "सर्वांनी काळजी घ्यावी." हे काम कोण करणार? सगळे. कधीपर्यंत? कायम. झालं की नाही कसं कळणार? कळणारच नाही. म्हणजे हे कामच नाही.

कामाची आमची चाचणी अशी आहे: सकाळी सहा वाजता, अर्धवट झोपेत, पहिल्याच आठवड्यातला माणूस असेल तरी हा उपाय चालेल का? चालत असेल तर लिहा. आमची चार कामं अशी ठरली.

पहिलं, मायग्रेशनला वाट बघायची मर्यादा. हे डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्येच टाकलं, म्हणजे कुणाला लक्षात ठेवावं लागत नाही:

```sql
SET lock_timeout = '3s';
ALTER TABLE collection ADD COLUMN shift_code text;
```

तीन सेकंदांत दार उघडलं नाही तर मायग्रेशन `canceling statement due to lock timeout` म्हणून स्वतः बाजूला होतो आणि मागची रांग सुटते. याचा तोटाही सांगतो. डिप्लॉय आता कधीकधी फेल होतो आणि परत करावा लागतो. पण फेल झालेला डिप्लॉय आमच्या ऑफिसात दिसतो, गोठलेली सिस्टिम गावात दिसते. आम्ही पहिलं निवडलं.

दुसरं, बिलाचा रिपोर्ट रात्री दोनला हलवला. तिसरं, डिप्लॉयच्या पानावरची वेळ काढूनच टाकली. आता स्क्रिप्ट स्वतः बघते की शेवटच्या पाच मिनिटांत नोंदी पडल्या आहेत का, आणि पडल्या असतील तर डिप्लॉय करायला नकार देते. चौथं, कलेक्शनच्या वेळेत सलग तीन मिनिटं एकही नोंद आली नाही तर ऑन-कॉलला फोन जातो.

प्रत्येक कामासमोर तीन गोष्टी: एकाच माणसाचं नाव, तारीख, आणि झालं हे कसं तपासायचं. हो, इथे नाव लिहायचं, मुद्दाम लिहायचं. झालेल्या गोष्टीसमोर नाव टाकलं की तो आरोप होतो, पुढच्या कामासमोर टाकलं की तो शब्द होतो. पहिल्या कामाची तपासणी आम्ही टेस्ट सर्व्हरवर केली. मुद्दाम एक लांबलचक क्वेरी चालू ठेवली, डिप्लॉय सुरू केला आणि तो तीन सेकंदांत मागे हटतो का ते पाहिलं. हटला. मगच काम "पूर्ण" झालं.

आणि चारच कामं घेतली. यादी पंधराची झाली होती, पण पंधरा कामांची यादी कुणी पूर्ण करत नाही. जी घ्यायची नाहीत ती "आत्ता करत नाही, कारण..." असं लिहून ठेवली.

एक प्रश्न नेहमी येतो

एका श्रोत्याने विचारलंय, "मग कुणाला काही बोलायचंच नाही का? एखादा खरंच मुद्दाम करत असेल तर?"

मुद्दाम नुकसान केलं, डेटा चोरला, पुरावा पुसला, तर तो रिव्ह्यूचा विषयच नाही. त्यासाठी वेगळी चौकशी असते आणि ती वेगळीच ठेवा. दोन्ही एका मीटिंगमध्ये केलं की पुढच्या रिव्ह्यूत कुणी खरं बोलणार नाही. आणि एखाद्याला काम शिकायची गरज असेल तर ते त्याच्याशी एकट्याने बोला, डॉक्युमेंटमध्ये नको.

दुसरी मर्यादाही मान्य करतो. वरून साहेब म्हणत असतील "नाव सांगा", तर एकट्या इंजिनिअरच्या शब्दरचनेने सगळं बदलत नाही. पण लिहिणारे आपण असू तर पहिला मसुदा आपल्या हातात असतो. साहेबांनी नाव विचारलं तर मी आता टाइमलाइन पुढे करतो आणि विचारतो, "यातली कुठली ओळ नवीन माणूस आल्याने बदलली असती?" बहुतेक वेळा ते वाचत बसतात आणि नावाचा विषय मागे पडतो.

शेवटचं

तो जुना पीडीएफ मी ग्रुपवरून काढला आणि नवीन रिव्ह्यू टाकला. त्यात एक ओळ अशी होती: "डिप्लॉयची वेळ सांगणारं पान दोन वर्षं अद्ययावत नव्हतं." कुणी लिहिलेलं ते डॉक्युमेंटमध्ये नव्हतं. टीमच्या मीटिंगमध्ये मी स्वतः सांगितलं.

मागच्या महिन्यात एका रात्री ९:१२ ला त्याच मुलाचा ग्रुपवर मेसेज आला. "मी आत्ता चुकीच्या सर्व्हरवर कॉन्फिग बदललंय. परत घेतोय. कुणीतरी सोबत बघा." चुकून दोन मिनिटंही झाली नव्हती. आम्ही दोघांनी मिळून ९:१९ ला सगळं पूर्ववत केलं. एकाही संस्थेचा फोन आला नाही.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या ऑफिसातला शेवटचा रिपोर्ट उघडा आणि बघा, त्यातून नाव काढलं तर खाली काही उरतं का. काय सापडलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात.